दोनशे पाऊचमध्ये एकही गळला नाही, तरी अहवालात १.८३ टक्के का?

लोणचे, मसाला किंवा तेलाचे पाऊच आपण आमच्याकडे गळती तपासायला देता, तेव्हा अहवालात तीन गोष्टी येतात. किती पाऊच तपासले, त्यांतले किती गळले, आणि त्यावरून संपूर्ण बॅचमधील गळतीचे प्रमाण कुठून कुठपर्यंत असू शकते. पहिल्या दोन आकड्यांबद्दल कोणी काही विचारत नाही. फोन येतात ते तिसऱ्याबद्दल. "दोनशेत एकही गळला नाही असे लिहिता, मग पुढे ० ते १.८३ टक्के कशाला?" हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर दोन ओळींत देता येत नाही म्हणून हे पत्रक.

तपासणीत पाऊच पाण्याखाली दाबून ठेवतो, भांड्यावर झाकण बसवतो आणि आतली हवा पंपाने काढून घेतो. पाऊच फुगतो. सीलमध्ये केसाएवढी वाट असली तरी तिथून बुडबुड्यांची माळ निघते. असा ओढाताण झालेला पाऊच पुन्हा विक्रीला पाठवणे योग्य नाही, तो बाजूलाच काढावा लागतो. त्यामुळे सगळी बॅच तपासणे शक्य नसते. थोडे पाऊच उचलायचे आणि न पाहिलेल्या हजारो पाऊचबद्दल बोलायचे, एवढेच हातात राहते.

सोपे सूत्र कुठे फसते

समजा २०० पाऊच तपासले आणि २ गळले. प्रमाण १ टक्का. बहुतेक ठिकाणी शिकवले जाणारे सूत्र नॉर्मल वितरणावर, म्हणजे घंटेच्या आकाराच्या आलेखावर, बसवलेले आहे: ९५ टक्के खात्रीसाठी प्रमाणाच्या दोन्ही बाजूंना १.९६ गुणिले प्रमाणित त्रुटी, म्हणजे नमुन्यागणिक प्रमाण साधारण जितके हलते तितके. इथे ती त्रुटी ०.७ टक्के निघते आणि उत्तर येते उणे ०.३८ ते २.३८ टक्के. उणे गळती म्हणजे काय? कोणताही पाऊच शून्यापेक्षा कमी गळत नाही. काही जण उणे आकडा खोडून तिथे शून्य लिहितात आणि पुढे जातात. पण खरी चूक वरच्या टोकाला आहे, आणि ती डोळ्यांना दिसत नाही.

नॉर्मल वितरणाची घंटा दोन्ही बाजूंना सारखी असते. दोनशे पाऊचमधील गळक्यांची संख्या मात्र ०, १, २, ३ अशी पायऱ्यांनी चालते. डावीकडे शून्याची भिंत असते, उजवीकडे शेपूट लांबत जाते. गळके बरेच असले तर हा फरक बुजतो. दोन-चारच असले तर बुजत नाही.

नेमकी द्विपद पद्धत, म्हणजे प्रत्येक पाऊच गळला की नाही एवढेच मोजणारी, घंटेचा आधार घेत नाही. क्लॉपर आणि पिअर्सन यांनी ती १९३४ मध्ये मांडली. ती सरळ विचारते: खरी गळती किती मोठी असली, तर २०० पाऊचमध्ये २ किंवा त्याहून कमी गळके मिळणे इतके दुर्मीळ होईल की ते १०० पैकी अडीच वेळाच घडावे? उत्तर येते ३.५७ टक्के. ही वरची मर्यादा. खालून तोच प्रश्न उलटा विचारला, म्हणजे २ किंवा त्याहून जास्त गळके मिळणे तितकेच दुर्मीळ केव्हा, तर ०.१२ टक्के. आमच्या अहवालात ०.१२ ते ३.५७ असे छापले जाते. सोप्या सूत्राच्या २.३८ शी ताडून पाहा. एक लाख पाऊचच्या ऑर्डरमध्ये या दोन वरच्या मर्यादांत जवळजवळ बाराशे गळक्या पाऊचचा फरक पडतो.

आता एकही पाऊच गळला नाही असे धरा. सोप्या सूत्रात प्रमाण शून्य, म्हणून त्रुटीही शून्य, म्हणून उत्तर "शून्य ते शून्य". दोनशे पाऊच पाहून लाखभर पाऊचबद्दल इतकी खात्री कोणालाच देता येत नाही. खरी गळती बरोबर १ टक्का असली, तरी २०० पाऊचच्या नमुन्यात एकही गळका न सापडण्याची शक्यता १३ टक्क्यांहून थोडी जास्त असते. त्या प्रत्येक वेळी सोपे सूत्र चुकते. नाव ९५ टक्के खात्रीचे, आणि या ठिकाणी प्रत्यक्षात मिळते सुमारे ८६. आम्ही हे सूत्र सोडले ते याच कारणाने. नेमकी पद्धत शून्य गळक्यांवर ० ते १.८३ देते, आणि तोच आपल्याला खटकणारा आकडा.

स्वतः पडताळायचे असेल तर एक्सेलमध्ये एवढे टाइप करा. पहिल्या दोन ओळी २०० पैकी २ साठी, तिसरी २०० पैकी शून्यासाठी:

```
=BETA.INV(0.025, 2, 199)
=BETA.INV(0.975, 3, 198)
=BETA.INV(0.975, 1, 200)
```

गळके शून्य असतील तर खालची मर्यादा शून्यच धरायची. तिथे सूत्र चालवले तर #NUM! दिसेल.

या पद्धतीची एक बाजू लपवत नाही. ती सावध आहे. ९५ टक्के म्हटले की प्रत्यक्ष खात्री कधी ९५ च्या खाली जात नाही, बहुधा वरच असते, आणि त्यामुळे तिची खालच्या-वरच्या मर्यादांमधली पट्टी गरजेपेक्षा थोडी रुंद पडते. विल्सन यांची १९२७ ची पद्धत मधला मार्ग काढते, पण ती सरासरीने ९५ राखते, प्रत्येक वेळी नाही. खाण्याच्या वस्तूच्या सीलबद्दल बोलताना आम्हाला जास्त सावध असलेली बरी वाटते.

मग पाऊच किती द्यायचे?

खरेदीदार आपल्याला म्हणतो, गळती १ टक्क्याच्या आत असल्याचे दाखवा. आपल्या अंदाजाने आपली गळती अर्धा टक्का आहे. सोपे सूत्र उलटे फिरवून "अर्धा टक्का, अधिक-उणे अर्धा टक्का" असे मागितले की उत्तर येते ७६५ पाऊच. कागदावर वरची मर्यादा बरोबर १ टक्क्यावर बसते. आपण ७६५ पाऊच देता, अंदाज खरा ठरतो, ४ गळतात. नेमकी मर्यादा निघते ०.१४ ते १.३३ टक्के. पाऊच गेले, तपासणीचे पैसे गेले, आणि खरेदीदाराला दाखवायचे ते दाखवता आले नाही. सूत्राने आकडेमोड चुकवलेली नाही. त्याने वरची बाजू आखूड धरली, एवढेच.

म्हणून आम्ही नमुन्याचा आकार दुसऱ्या टोकाने ठरवतो. इथे खरेदीदाराला फक्त वरच्या मर्यादेशी देणेघेणे असते, त्यामुळे ५ टक्क्यांची सगळी जोखीम त्याच बाजूला ठेवतो. (अहवालातील पट्टी दोन्ही बाजूंची असते, तिथे अडीच-अडीच टक्के वाटले जातात. दोन्ही हिशेबांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत ते यामुळे.) मग प्रश्न असा: गळती १ टक्का असलेली बॅच १०० पैकी ५ पेक्षा जास्त वेळा निसटून पास होऊ नये, तर किती पाऊच हवेत? एकही गळका चालणार नसेल तर २९९. एक चालणार असेल तर ४७३. दोन चालणार असतील तर ६२८.

पहिला आकडा तोंडी काढता येतो. एकही गळला नाही, तर वरची मर्यादा साधारण ३ भागिले नमुना. तीनशेला १ टक्का, सहाशेला अर्धा टक्का.

२९९ सगळ्यांत स्वस्त दिसतो आणि बहुतेक जण तोच मागतात. इथे जरा थांबा. आपली खरी गळती अर्धा टक्का असेल, म्हणजे खरेदीदाराच्या मर्यादेच्या निम्मी, तरी २९९ पाऊचमध्ये एकही न गळण्याची शक्यता २२ टक्केच आहे. चारपैकी तीनहून जास्त वेळा चांगली बॅच नापास होईल. गळती खाली आणून ०.१ टक्का केली तरी पास होण्याची शक्यता ७४ टक्के. तोच माल ४७३ पाऊच आणि एका गळक्याची मुभा या योजनेत ९२ टक्के वेळा पास होतो, आणि ६२८ पाऊच व दोन गळक्यांच्या मुभेत ९७ टक्के. तिन्ही योजनांत खरेदीदाराचे संरक्षण सारखेच आहे. जास्तीचे पाऊच वाचवतात ते आपल्याला. म्हणून नमुना पाठवण्याआधी आपल्या पूर्वीच्या बॅचचे आकडे आम्हाला सांगा. गळती हजारात एकाच्या आसपास असेल तर आम्ही ४७३ सुचवतो. ती अर्ध्या टक्क्यावर असेल तर आधी सीलिंग मशीन पाहा, असे स्पष्ट सांगतो.

योजना तपासणी सुरू होण्याआधी लेखी ठरवावी लागते. २९९ मध्ये एक गळला की फोन येतो, "आणखी १७४ घ्या, ४७३ पुरे करा." ही विनंती आम्ही मान्य करत नाही, आणि त्यात आडमुठेपणा नाही. असे केले की १ टक्का गळतीच्या बॅचला दोन संधी मिळतात आणि ती निसटण्याची शक्यता ५ वरून साडेसात टक्क्यांवर जाते. अहवालावर मात्र ९५ टक्केच लिहिलेले राहील.

हा हिशेब केव्हा लागू पडत नाही

वरचे सगळे आकडे एका गृहीतावर उभे आहेत: एक पाऊच गळणे आणि दुसरा गळणे यांचा एकमेकांशी संबंध नाही. पाऊचच्या बाबतीत हे गृहीत सहज मोडते. सीलिंगच्या जबड्यावर लोणच्याचे तेल किंवा मोहरीची डाळ चिकटली, की पुढचे पंधरा-वीस पाऊच ओळीने गळतात. कोणीतरी जबडा पुसतो आणि पुन्हा सगळे ठीक. आपण एकाच तासाचे, एकाच कार्टनमधले ३०० पाऊच पाठवले, तर ती ओळ नमुन्यात अख्खी येईल किंवा अजिबात येणार नाही. ते ३०० नावाला असतात, त्यांतून मिळणारी माहिती पाच-दहा पाऊचइतकीच असू शकेल.

हे ओळखायचे कसे? पाऊचवर भरण्याची वेळ छापलेली असेल तर गळक्यांच्या वेळा पाहतो. तीन गळके तीन वेगळ्या तासांतले असतील तर हिशेब चालतो. तिघेही १० वाजून ४० मिनिटांच्या आगेमागे असतील, तर टक्केवारी न छापता तसा शेरा लिहितो. त्या शेऱ्याने पुष्कळांची निराशा होते, पण मशीन दुरुस्त करायला टक्केवारीपेक्षा तोच उपयोगी पडतो. नमुना काढताना पूर्ण शिफ्टमधून, दर काही मिनिटांनी, प्रत्येक जबड्याखालून थोडे थोडे पाऊच उचला आणि पिशवीवर वेळ लिहा.

बॅच लहान असली तर उलट दिलासा आहे. एकूण १००० च पाऊच असतील, तर २९९ ऐवजी सुमारे २५८ पुरतात, कारण तपासून झालेला भाग आता अज्ञात राहत नाही. बॅच दहा हजारांच्या पुढे गेली की हा फायदा जवळपास संपतो आणि २९९ च धरावे लागतात, मग पुढे ती पन्नास हजारांची असो की पाच लाखांची.