तुटलेल्या पानाची रंध्रे आधी जास्त का उघडतात?

एखादे ताजे पान देठापासून कापून संवेदनशील तराजूवर ठेवले आणि दर अर्ध्या मिनिटाला त्याचे वजन नोंदवत गेले, तर अनेक वनस्पतींच्या बाबतीत अपेक्षेच्या उलट घडताना दिसते. पाण्याचा पुरवठा तुटला म्हणजे पानाने लगेच काटकसर सुरू करावी असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात पहिली काही मिनिटे वाफेच्या रूपाने निघून जाणारे पाणी वाढते आणि त्यानंतरच ते घटू लागते. वनस्पतिशास्त्रात याला इवानोव्ह परिणाम म्हणतात. पानाच्या पृष्ठभागावरची सूक्ष्म छिद्रे, म्हणजे पर्णरंध्रे, या पहिल्या काही मिनिटांत मिटण्याऐवजी आणखी उघडतात. पर्णरंध्र नेमके कशाने उघडते हे समजून घ्यायला या विसंगतीइतकी चांगली सुरुवात मला दुसरी माहीत नाही.

पर्णरंध्र हे कोणत्याही पेशीला पडलेले भोक नसून दोन पेशींमधली फट आहे. घेवड्याच्या दाण्यासारख्या आकाराच्या दोन रक्षक पेशी समोरासमोर असतात आणि दोन्ही टोकांना एकमेकींशी घट्ट जोडलेल्या असतात. त्यांत पाणी शिरून त्या फुगल्या की धनुष्यासारख्या बाहेरच्या बाजूला वाकतात आणि मधली फट रुंदावते. पाणी गेले की त्या सैल पडून एकमेकींना टेकतात. फुगणारी पेशी फटीवर दाबली न जाता फटीपासून दूर का वाकते, हा प्रश्न येथे विचारायलाच हवा. फटीकडची पेशीभित्तिका जाड असते म्हणून, असे उत्तर शाळेपासून दिले जाते आणि ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. रक्षक पेशीच्या भित्तिकेत सेल्युलोजचे बारीक तंतू फटीपासून बाहेरच्या दिशेने, पेशीभोवती आडव्या वेढ्यांसारखे रचलेले असतात. लांबट फुग्याला आडव्या चिकटपट्ट्या गुंडाळून हवा भरली, तर तो जाड होऊ शकत नाही, फक्त लांब होतो. आणि अशा दोन फुग्यांची टोके आधीच बांधून ठेवली असतील, तर वाढलेल्या लांबीला सामावून घेण्यासाठी ते मध्यभागी एकमेकांपासून दूर वाकतात. रक्षक पेशींचे नेमके असेच होते.

पेशीतले पाणी आतून भित्तिकेवर जो दाब टाकते त्याला स्फीतिदाब म्हणतात. पाण्याला थेट आत ढकलणारी यंत्रणा पेशीकडे नसते. ती आत क्षार साठवते आणि पाणी परासरणाने त्यांच्यामागोमाग येते. पहाटेचा निळा प्रकाश पडला की रक्षक पेशीच्या पटलावरचे पंप हायड्रोजनचे धन आयन बाहेर फेकू लागतात. त्यामुळे पटलाची आतली बाजू अधिक ऋण होते आणि पोटॅशियमचे धन आयन आपल्या वाटांनी आत ओढले जातात. विद्युतभार संतुलित राखण्यासाठी सोबत क्लोराइड आत येते, तर पेशीतल्या साठवलेल्या स्टार्चपासून मॅलेट तयार होते. हे सगळे मुख्यतः रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या मोठ्या पाणथळ पिशवीत, जमा होते.

हा साठा किती दाब निर्माण करतो, याचा साधा हिशेब मांडता येतो. रंध्र मिटलेले असताना रक्षक पेशीत लिटरमागे सुमारे 0.1 मोल पोटॅशियम असते आणि उघडलेल्या अवस्थेत ते 0.4 मोल किंवा त्याहूनही जास्त होते. ही वाढ 0.3 मोल धरली आणि सोबतीला तितकेच क्लोराइड आले असे मानले, तर विरघळलेल्या कणांची वाढ 0.6 मोल होते. 25 अंश सेल्सियसला लिटरमागे एक मोल कणांमुळे साधारण 25 वातावरणांइतका परासरण दाब येतो. म्हणजे येथे सुमारे 15 वातावरणांची भर पडते. मॅलेटवर दोन ऋणभार असल्याने ते निम्म्या संख्येत पुरते आणि मग भर 11 वातावरणांच्या आसपास राहते. मोटारीच्या टायरमध्ये वातावरणापेक्षा दोन-अडीच वातावरणे जास्त दाब असतो, हे आठवले की या इवल्याशा पेशीची भित्तिका किती ताण सोसते ते लक्षात येते.

आता मूळ कोड्याकडे वळू. रक्षक पेशी मोकळ्या जागेत फुगत नाहीत. त्यांच्या दोन्ही बाजूंना अपित्वचेच्या साध्या पेशी असतात, त्याही पाण्याने तट्ट असतात आणि वाकू पाहणाऱ्या रक्षक पेशींना मागे रेटत असतात. रंध्राची रुंदी ठरते ती या दोन दाबांच्या झटापटीतून, आणि अनेक सपुष्प वनस्पतींत शेजारच्या पेशींचा हात वरचढ असतो: दोन्हीकडचा दाब सारखाच कमी केला, तर शेजारचा रेटा हटल्याचा परिणाम जास्त होतो आणि रंध्र उघडते. पान कापल्यावर पाण्याची टंचाई सुरू होते तेव्हा शेजारच्या पेशी सैल पडतात, रक्षक पेशींत मात्र क्षारांचा साठा अजून तसाच असतो. अडवणारा हात ढिला झाला म्हणून रंध्र रुंदावते. पानाने तसे ठरवलेले नसते, ही केवळ यांत्रिक घटना आहे. हवा एकाएकी कोरडी केली तरी असेच तात्पुरते उघडणे दिसते.

खरी बंदी त्यानंतर येते. पाण्याचा ताण पडलेल्या पानात ॲबसिसिक आम्ल हे संप्रेरक वाढते. ते रक्षक पेशीतल्या ग्राहक प्रथिनांना चिकटले की संदेशांची एक साखळी सुरू होऊन ऋण आयनांच्या वाटा उघडतात. क्लोराइड आणि मॅलेट बाहेर पडू लागले की पटलाचा ऋण ताण उतरतो, मग पोटॅशियमही बाहेरची वाट धरते आणि पाणी त्याच्यामागे जाते. रंध्र पक्के मिटवायचे तर नुसते पाणी हरवून भागत नाही, साठा रिकामा करावा लागतो. म्हणूनच मिटायला वेळ लागतो.

सूक्ष्मदर्शकाखाली अपित्वचेची साल पाहणाऱ्याने हा शेजारचा रेटा विसरू नये. साल सोलताना शेजारच्या कित्येक पेशी फाटतात, त्यांचा दाब शून्यावर येतो आणि रंध्रे अखंड पानातल्यापेक्षा जास्त उघडी दिसतात. न्यूट्रल रेड हे रंजक द्रव्य टाकले तर जिवंत पेशींच्या रिक्तिका लाल होतात आणि मेलेल्या तशा होत नाहीत, त्यामुळे कोणत्या पेशी शाबूत आहेत ते चटकन कळते. सालीवर मिठाचे तीव्र द्रावण सोडले की रंध्रे मिनिटाभरात मिटतात, पण ते परासरणाने पाणी ओढले गेल्यामुळे. ॲबसिसिक आम्लाने घडते तसे ते मिटणे नव्हे. दोन्हींतला फरक साल धुऊन ओळखता येतो. मिठाने मिटलेले रंध्र, पेशींना इजा झाली नसेल तर, साध्या पाण्यात लगेच पुन्हा उघडू लागते, कारण आतले पोटॅशियम बरेचसे जागेवरच असते. ॲबसिसिक आम्लाने मिटलेल्या रंध्राला नुसते पाणी पुरत नाही. त्याला प्रकाश आणि बाहेर थोडे पोटॅशियम लागते, लिटरमागे पावणेचार ग्रॅमच्या आसपास पोटॅशियम क्लोराइड असलेले पाणी पुरते, आणि उघडायला तास-दोन तास जातात.