वीस झाले की थांबायचं का?

मे महिन्यात नागपूरकरांच्या फोनवर एक जाहिरात हमखास येते: खेळता खेळता गणित, मेंदू दुप्पट तल्लख. असं अॅप उघडलं की आधी एक गणित येतं, ते सोडवलं की राक्षस मरतो. आठवी-नववीतल्या मुलांना हा डाव लगेच कळतो. राक्षस मारायचा तर मध्ये गृहपाठ करावा लागणार, हे ओळखून ती अॅप बंद करतात. मेंदू दुप्पट करणारा खेळ अजून कुणी बनवलेला नाही, पण गणित खेळाच्या पोटात घालता येतं आणि त्याने फरक पडतो.

हे हॅबगुड आणि एन्सवर्थ या ब्रिटिश संशोधकांनी तपासलं आणि २०११ साली प्रसिद्ध केलं. त्यांच्या खेळात सांगाड्यांच्या छातीवर संख्या होत्या. त्या संख्येला नि:शेष भागेल असं शस्त्र निवडलं तरच सांगाडा पडायचा. दुसऱ्या आवृत्तीत लढाई तशीच होती, पण भागाकार दोन लढायांच्या मध्ये प्रश्नमंजुषेसारखा यायचा. पहिल्या आवृत्तीत मुलं जास्त शिकली आणि मोकळ्या वेळात तिच्यातच सातपट वेळ रमली. ही मुलं प्राथमिक शाळेतली होती. मोठ्या मुलांसाठी याच जातीचा एक खेळ मला फार आवडतो, आणि त्याला सापशिडीच्या डब्यातला एक फासा पुरतो.

खेळाचं नाव पिग. आपल्या पाळीत फासा हवा तितक्या वेळा टाकायचा आणि पडलेले आकडे मिळवत जायचे. कुठेही थांबलं की बेरीज खात्यात जमा होते. मात्र १ पडला की त्या पाळीची सगळी बेरीज जाते आणि पाळी समोरच्याकडे. आधी १०० करेल तो जिंकला.

कूलरसमोर बसून नववीतल्या भाचीशी हा खेळ खेळत होतो. तिच्या पाळीत १४ जमले होते. आणखी टाकावं का? कागदावर सहा शक्यता मांडल्या. १ पडला तर १४ जातात. उरलेल्या पाच आकड्यांनी २, ३, ४, ५ किंवा ६ मिळतात, त्यांची बेरीज २०. म्हणजे अशा सहा प्रसंगांत एकूण २० कमावतो आणि १४ गमावतो. सहा उरले, म्हणजे एका टाकीला सरासरी १ गुणाचा फायदा. टाकावं. हातात २३ असते तर २० मिळून २३ गेले असते, सरासरी अर्ध्या गुणाचं नुकसान. बरोबर २० ला फायदाही नाही, तोटाही नाही. म्हणून साधा नियम: २० झाले की थांबा. दहावीत येणारी संभाव्यता इथे आपणहून येते, कारण ती जिंकायला लागते.

मग ती म्हणाली, "मामा, चारदा एक नाही आला, आता येतेच पाय!" हा गैरसमज मोठ्यांतही घट्ट बसलेला आहे, आणि आकडे लावून घेणाऱ्यांचा धंदा त्यावरच चालतो. चार टाकींत निदान एकदा १ येण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त, सुमारे ५२ टक्के, हे खरं. पण ती टाकायच्या आधीची गोष्ट. चार टाकून झाल्यावर पाचव्यांदा १ येण्याची शक्यता पुन्हा सहात एक. फाशाला मागचं आठवत नाही, आणि फुंकर मारल्याने तो बदलतही नाही. पटत नसेल तर वहीत नोंद ठेवायची: सलग चारदा १ न आल्यावर पुढच्या टाकीला काय पडलं. नोंदी बऱ्याच झाल्या की सहात एकच्या आसपासच आकडा दिसू लागतो.

वीसचा नियम पाठ झाला की मूल समजून खेळतं आहे का, हे ओळखायला एक स्थिती मांडावी. आपल्या खात्यात ६०, पाळीत २०, आणि समोरचा ९५ वर. थांबलो तर आपण ८०. समोरच्याला ५ हवेत, ते त्याच्या एकाच पाळीत जमण्याची शक्यता जवळपास चारात तीन. तो चुकला तरी आपल्याला अजून २० हवेतच. न थांबता याच पाळीत ते २० मिळवण्याची शक्यता सुमारे ३८ टक्के. म्हणजे टाकत राहणंच शहाणपणाचं, जरी वीसच्या पुढे सरासरी गुणांचा हिशेब नाही म्हणत असला तरी. उद्देश जिंकण्याचा आहे, सरासरी वाढवण्याचा नाही. नेलर आणि प्रेसर या संशोधकांनी २००४ मध्ये संगणकाने प्रत्येक स्थितीची उत्तम चाल काढली. ती तीन आकड्यांवर ठरते: आपलं खातं, समोरच्याचं खातं आणि पाळीतली बेरीज. हे हाताने काढणं अवघड आहे, तिथे वीसचा नियम सुरुवातीला पुरेसा.

खेळात रंगलेल्या मुलाला आणखी एक प्रश्न विचारून पाहा: घातक आकडा १ ऐवजी ६ ठेवला तर किती झाले की थांबायचं? ज्याने नियम नुसता पाठ केला तो २० म्हणेल. ज्याला कळलं तो १ ते ५ ची बेरीज करून १५ म्हणेल.