रोख्याची किंमत आणि परताव्याचा दर

रोख्याची बाजारातील किंमत आणि व्याजदर नेहमी उलट दिशांनी सरकतात. व्याजदर चढले की आधी विकल्या गेलेल्या रोख्यांच्या किमती उतरतात आणि दर उतरले की त्या चढतात. हा बाजाराच्या मनःस्थितीचा नव्हे, तर निव्वळ अंकगणिताचा परिणाम आहे. रोख्यावर मिळणारी वार्षिक रक्कम, म्हणजे कूपन, रोखा काढतानाच कायमची ठरलेली असते. मुदतीअखेर परत मिळणारे दर्शनी मूल्यही ठरलेले असते. बदलू शकते ती एकच गोष्ट: हा ठरलेला पैशांचा ओघ मिळवण्यासाठी आज मोजावी लागणारी किंमत.

दर्शनी मूल्य १,००० आणि कूपन ५ टक्के असलेला दहा वर्षांचा रोखा घेऊ. त्याच्या धारकाला दरवर्षी ५० आणि शेवटी १,००० मिळतात. बाजारात अशाच मुदतीच्या नव्या रोख्यांवर ६ टक्के मिळू लागले, तर हा जुना रोखा पूर्ण किमतीला कोणी घेणार नाही. पुढे मिळणाऱ्या प्रत्येक रकमेचे ६ टक्क्यांनी आजचे मूल्य काढून बेरीज केली, तर ती सुमारे ९२६ येते आणि रोखा त्याच भावाला विकला जातो. बाजाराचा दर ४ टक्क्यांवर आला, तर तोच रोखा सुमारे १,०८१ ला जातो. या किमतीला घेऊन मुदतीपर्यंत ठेवल्यास वर्षाला जो दर पदरी पडतो, त्याला परताव्याचा दर किंवा यील्ड म्हणतात. ‘किंमत वाढली’ आणि ‘यील्ड घटले’ ही म्हणूनच कारण आणि परिणाम सांगणारी दोन विधाने नसून एकाच घटनेची दोन वर्णने आहेत. ‘दर वाढले म्हणजे माझ्या रोख्यावर जास्त व्याज मिळेल’ हा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात जास्त व्याज नव्या खरेदीदाराला मिळते आणि जुन्या धारकाच्या वाट्याला किमतीतील घट येते.

मुदत लांब असेल तर ही हालचाल मोठी होते. वरच्याच रोख्याची मुदत दोन वर्षे असती, तर दर ६ टक्क्यांवर गेल्यावर किंमत सुमारे ९८२ वर थांबली असती. तीस वर्षे असती, तर ती सुमारे ८६२ पर्यंत घसरली असती. दीर्घ मुदतीचा रोखा बाळगणारा हा धोका पत्करतो आणि त्याबद्दल थोडा अधिक परतावा मागतो. या अधिक परताव्याला मुदत-अधिमूल्य म्हणतात.

मध्यवर्ती बँकेची रोखेखरेदी मुख्यतः इथेच काम करते. बँक नव्याने निर्माण केलेल्या राखीव निधीतून रोखे घेते आणि नफ्यातोट्याचा हिशेब करून भाव नाकारणाऱ्या खरेदीदारासारखी ती वागत नाही. विमा कंपन्या आणि निवृत्तिवेतन निधी यांची देणी लांब पल्ल्याची असल्यामुळे त्यांना दीर्घ मुदतीचे रोखे सहजी सोडवत नाहीत. ते सोडायला लावायचे तर भाव चढाच द्यावा लागतो. बाजारातील मुदतीचा धोका काही प्रमाणात बँकेकडे गेल्याने उरलेल्यांना तो कमी वाहावा लागतो आणि अधिमूल्य आटते. रोखे विकणाऱ्यांच्या हाती आलेला पैसा इतर रोख्यांकडे वळतो, त्यामुळे बँकेने न घेतलेल्या रोख्यांचे यील्डही खाली येते. याशिवाय अल्पमुदतीचे दर बराच काळ खालीच राहतील, असा संकेत खरेदीतून मिळतो.

अमेरिकेतील १८ मार्च २००९ चा दिवस याचे बोलके उदाहरण आहे. फेडरल रिझर्व्ह या तिथल्या मध्यवर्ती बँकेचा धोरणदर डिसेंबर २००८ पासून शून्य ते पाव टक्का या पट्ट्यात आला होता आणि तो आणखी उतरवायला जवळपास जागाच नव्हती. त्या दिवशी फेडने सहा महिन्यांत ३०० अब्ज डॉलरचे दीर्घ मुदतीचे सरकारी रोखे घेण्याची घोषणा केली. दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचे यील्ड सुमारे ३ टक्क्यांवरून एका दिवसात अडीच टक्क्यांच्या आसपास आले. ३ टक्के कूपनच्या दहा वर्षांच्या रोख्यासाठी याचा अर्थ १,००० वरून सुमारे १,०४४ अशी वाढ. विशेष म्हणजे या घोषणेनुसार एकही रोखा तोवर घेतला गेला नव्हता. पुढे येणारी मागणी व्यापाऱ्यांनी तत्काळ भावात धरली होती. खरेदीचा परिणाम मोजायचा, तर प्रत्यक्ष खरेदीच्या दिवसांपेक्षा अनपेक्षित घोषणेच्या आसपासची हालचाल पाहणे अधिक योग्य ठरते, ते यामुळेच.

मात्र यील्ड खाली ओढले गेले म्हणून ते खालीच राहते असे नाही. त्याच वर्षी जूनमध्ये, खरेदी सुरू असतानाही, दहा वर्षांचे यील्ड ४ टक्क्यांच्या जवळ पोहोचले, कारण अर्थव्यवस्था सावरण्याची अपेक्षा वाढली होती आणि सरकारची कर्जउभारणीही मोठी होती. खरेदीमुळे महागाई वाढेल असे बाजाराला वाटू लागले, तर धारक त्याची भरपाई मागतात आणि अधिमूल्यातील घट त्यात विरून जाऊ शकते. त्यामुळे खरेदी असूनही यील्ड वाढले, एवढ्यावरून ती निष्प्रभ ठरली असे म्हणता येत नाही. खरेदी नसती तर यील्ड कुठे असते, याच्याशी तुलना करावी लागते, आणि ती पातळी बाजारात कुठेच दिसत नसल्याने तिचा केवळ अंदाज बांधता येतो.