पान उठून दिसावे म्हणून कुंडीचा रंग कसा निवडावा

गच्चीवरच्या बागेसाठी कुंड्यांचा रंग ठरवताना बहुतेक जण आधी ‘हिरव्याला कोणता रंग शोभतो’ असा विचार करतात. पान उठून दिसणे किंवा न दिसणे मात्र रंगापेक्षा उजळपणावर अधिक अवलंबून असते, म्हणजे त्या वस्तूवर पडलेल्या उजेडापैकी किती उजेड ती परत पाठवते यावर. आपल्याला पान टवटवीत हिरवे वाटते, त्यामुळे ते चांगलेच उजळ असावे असा आपला समज होतो. प्रत्यक्षात पानातले हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश जवळजवळ पूर्ण शोषून घेते आणि हिरव्या प्रकाशातलाही थोडाच भाग परत पाठवते. डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडाचा हिशेब केला, तर गडद हिरवे पान साधारण दहा टक्के उजेड परावर्तित करते. स्वच्छ पांढरा रंग सुमारे ऐंशी टक्के परत पाठवतो, भाजलेल्या मातीची कोरडी कुंडी वीस टक्क्यांच्या आसपास, फिकट दगडी राखाडी रंग चाळीस टक्के आणि कोळशासारखा गडद राखाडी जेमतेम आठ टक्के. पान ही मुळात काळोख्या बाजूची वस्तू आहे, हे एकदा लक्षात घेतले की पुढचे निर्णय बरेच सोपे होतात.

याचे कारण डोळ्यांच्या रचनेत आहे. वस्तूची कड, तिच्यावरची बारीक नक्षी, पानाचे दाते हे सारे आपण मुख्यतः उजळपणातल्या फरकावरून ओळखतो. केवळ रंगातला फरक असेल तर डोळ्याला इतका बारकावा टिपता येत नाही. शिवाय उजळपणाची तुलना आपण वजाबाकीने करत नाही, पटीने करतो. म्हणूनच केवळ अठरा टक्के उजेड परत पाठवणारा राखाडी रंग काळ्या आणि पांढऱ्याच्या अगदी मध्यावर असल्यासारखा वाटतो. दहा टक्क्यांच्या पानामागे वीस टक्क्यांची मातीची कुंडी असेल तर फरक दुपटीचा, चाळीस टक्क्यांची दगडी कुंडी असेल तर चौपटीचा. गडद राखाडी कुंडीसमोर तो जवळजवळ उरतच नाही, आणि मग पानांचा नुसता एक काळसर पुंजका दिसतो.

मग सर्वांत जास्त फरक देणारी पांढरी कुंडीच का घेऊ नये, असा प्रश्न साहजिक आहे. सावलीच्या गच्चीवर ती खरोखर चांगली दिसते. भर उन्हात मात्र पांढरी कुंडी ही समोरच्या दृश्यातली सर्वांत उजळ वस्तू ठरते, नजर आधी तिच्याकडे जाते आणि डोळे त्या झगझगाटाशी जुळवून घेतात, त्यामुळे शेजारचे पान आहे त्याहून काळे भासते. फोनच्या कॅमेऱ्याने हेच अधिक ठळकपणे करून दाखवले आहे असे अनेकांच्या लक्षात आले असेल, कारण पांढऱ्या कुंडीचा तपशील सांभाळण्यासाठी कॅमेरा सगळे छायाचित्र गडद करतो आणि पाने काळवंडतात. म्हणून उन्हाच्या गच्चीसाठी तीस ते पंचेचाळीस टक्क्यांच्या टप्प्यातला, फारसा भडक नसलेला आणि चकाकी नसलेला रंग मला सर्वांत भरवशाचा वाटतो: फिकट दगडी, वाळूचा, राखेचा. अनेक रंगकंपन्या आपल्या शेड कार्डवर प्रत्येक छटेसमोर ‘एलआरव्ही’ नावाचा आकडा देतात. तो हाच परावर्तनाचा टक्का असतो, त्यामुळे छटा निवडताना अंदाज बांधत बसावे लागत नाही.

उजळपणानंतर रंगाचा विचार करायला हवा, कारण शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांना बदलतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्हरल पॅरिसच्या गोबेलाँ विणकामशाळेत रंगाई विभागाचे प्रमुख होते. तिथला काळा रंग फिका पडतो अशा तक्रारींचा शोध घेताना त्यांना आढळले की रंगात दोष नव्हता; निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या शेजारी बसल्यामुळे काळा धागा तसा दिसत होता. त्यांनी 1839 मध्ये यावर सविस्तर पुस्तक प्रसिद्ध केले. नियम असा की प्रत्येक रंग आपल्या शेजाऱ्याला स्वतःच्या विरुद्ध छटेकडे ढकलतो. मातीच्या तांबूस कुंडीची विरुद्ध छटा निळसर असल्याने तिच्यालगतचे पिवळट हिरवे पान किंचित निळसर आणि ताजे वाटते. मातीच्या कुंडीत झाड ‘छान दिसते’ असे जे म्हणतात, त्यामागे हे एक कारण आहे. पण त्याच वेळी उजळपणातला फरक कमी असल्यामुळे पानाचा रंग खुलतो आणि आकार मात्र हरवतो. ज्यांना लाल-हिरव्यातला भेद नीट कळत नाही अशा व्यक्तींना तर हा खुललेला रंगही फारसा जाणवत नाही.

हाच नियम हिरव्या कुंडीच्या विरोधात जातो. बाजारातल्या हिरव्या प्लास्टिकच्या कुंड्यांचा हिरवा बहुधा निळसर आणि पानापेक्षा कितीतरी भडक असतो. त्याच्या शेजारी निरोगी पानही पिवळट आणि खत कमी पडल्यासारखे दिसू लागते. पान पिवळे पडले आहे असे वाटले, तर कुंडीवर एक राखाडी कागद गुंडाळून पुन्हा पाहावे. कागद लावताच पान हिरवे वाटले तर दोष मातीत नाही, कुंडीच्या रंगात आहे.

आता एका प्रत्यक्ष मांडणीचा हिशेब करू. कठडा फिकट क्रीम रंगाचा आहे, त्याचे परावर्तन सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे, दुपारनंतर त्यावर सरळ ऊन येते आणि त्याला लागून चार झाडे ठेवायची आहेत: लाल जास्वंद, नारिंगी झेंडू, खाली लोंबणारा मनी प्लांट आणि पांढरी सदाफुली. पहिली गोष्ट ही पाहायची की कोणत्या झाडाच्या मागे नक्की काय दिसते. जास्वंदीची पाने आणि फुले कुंडीच्या बरीच वर, कठड्यासमोर येतात, म्हणजे त्यांची खरी पार्श्वभूमी कठडा आहे आणि ती पानांना पुरेशी उजळ आहे. लाल फूल उजळपणात मात्र पानाच्या जवळपासच असते. पानांमध्ये ते केवळ रंगाच्या बळावर उठून दिसते. म्हणून इथे कुंडीने एकच पथ्य पाळायचे आहे, ते म्हणजे तांबडे नसणे. गेरूच्या रंगाची मोठी कुंडी खाली असली की लाल रंगाचा सर्वांत मोठा ठिपका फूल न राहता कुंडी होते. दगडी राखाडी कुंडी इथे योग्य ठरेल.

मनी प्लांटचे उलट आहे. त्याच्या वेली कुंडीच्या अंगावरून खाली येतात, त्यामुळे इथे कुंडी हीच पार्श्वभूमी होते आणि तिच्या रंगाचा परिणाम सर्वाधिक दिसतो. पूर्ण हिरव्या पानांचा वाण असेल तर चाळीस टक्क्यांची फिकट कुंडी घ्यावी, म्हणजे पानाची बदामाकृती कड स्वच्छ दिसते. पांढरट-पिवळ्या ठिपक्यांचा वाण असेल तर पान स्वतःच उजळ असते, आणि मग गडद राखाडी कुंडीसमोर ते अधिक खुलते.

झेंडूच्या बाबतीत काहीतरी सोडावे लागते. त्याचे नारिंगी फूल पस्तीस-चाळीस टक्के उजेड परत पाठवत असेल, तर दगडी कुंडीशी त्याचा उजळपणा जुळून जातो. बुटक्या झाडाची फुले कुंडीच्या काठाशीच असतात, त्यामुळे गडद निळसर राखाडी कुंडी घेतली तर उजळपणात मोठा फरक मिळतो आणि निळसर छटा नारिंगीला आणखी पेटवते. पाने मात्र त्या गडद रंगात थोडी विरतात. झेंडू फुलांसाठीच लावला असल्याने मी ही तडजोड पत्करेन.

सदाफुलीला कुंडीचा कोणताही रंग फारसा वाचवू शकत नाही, कारण पांढरे फूल आणि क्रीम कठडा दोन्ही जवळपास सारखेच उजळ आहेत. तिची कुंडी उचलून जास्वंदीच्या दाट पानांपुढे ठेवणे हाच उपाय आहे.

गडद कुंडी निवडताना एक अडचण दिसण्यापलीकडची आहे. गडद रंग ऊन शोषतो आणि कुंडीच्या उन्हाकडच्या बाजूची माती तापते. मुळांभोवतीचे तापमान चाळीस अंशांच्या वर गेले की बहुतेक झाडांच्या मुळांना इजा होऊ लागते, आणि कडक उन्हात काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत ते सहज घडते. ओलावा असूनही दुपारी झाड माना टाकते आणि कुंडीतून काढून पाहिले तर एकाच बाजूची पांढरी मुळे तपकिरी झालेली आढळतात, ही त्याची खूण. झेंडूची गडद कुंडी म्हणून बाहेरचे आवरण म्हणून वापरावी, झाड आत फिकट कुंडीत असावे, दोन्हींमध्ये बोटभर हवेची जागा राहावी आणि बाहेरच्या कुंडीच्या तळालाही पाणी जाण्यास भोक असावे.

रंग पक्का करण्यापूर्वी कुंडीभोवती त्या छटेचा घोटीव कागद गुंडाळावा आणि ज्या ठिकाणी, ज्या वेळी आपण गच्चीवर बसतो तिथूनच फोनने छायाचित्र काढून ते कृष्णधवल करून पाहावे. पानाची कड कुंडीपासून वेगळी कळली नाही तर उजळपणा चुकला आहे, मग रंगाची जोडी कितीही आवडो. गच्चीचा वापर मुख्यतः संध्याकाळी होत असेल तर चाचणीही तेव्हाच करावी. प्रखर उजेडात डोळा सुमारे 555 नॅनोमीटरच्या पिवळसर हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असतो, पण अंधारात ही संवेदनशीलता 507 नॅनोमीटरकडे, म्हणजे निळसर हिरव्याकडे सरकते. संधिप्रकाशात हाच बदल घडत असतो. लाल जास्वंद तेव्हा पानांहून आधी काळी पडते, तर पांढऱ्या कुंड्या शेवटपर्यंत लखलखत राहतात. संध्याकाळी बागेत फक्त कुंड्यांची रांग दिसते, अशी तक्रार असेल तर त्याचे कारण बहुधा हेच.

मातीच्या कुंडीची चाचणी ती कोरडी आणि ओली अशा दोन्ही अवस्थांत घ्यावी. पाणी घातल्यावर तिच्या छिद्रांत पाणी भरते, उजेड कमी विखुरतो आणि ती इतकी गडद होते की कोरडेपणी असलेला थोडासा फरकही नाहीसा होतो. अशी कुंडी बाहेरून रंगवायची असेल तर ती पूर्ण वाळवून, चकाकी नसलेला, बाहेरच्या भिंतींसाठीचा पाण्यात मिसळणारा रंग लावावा आणि आतली बाजू तशीच ठेवावी. रंगामुळे बाहेरची छिद्रे बुजतात आणि कुंडीच्या अंगातून होणारे बाष्पीभवन घटते, म्हणून रंगवल्यानंतर पूर्वीच्या सवयीने पाणी न घालता बोटाचे एक पेर मातीत घालून ओलावा पाहावा आणि तेवढा भाग कोरडा लागला तरच पाणी द्यावे.