पार्श्वभूमी: ओपीडीतला ‘शिफारस कराल का?’ हा प्रश्न आणि त्यातून निघणारा एनपीएस

छोट्या क्लिनिकने ओपीडीसाठी फीडबॅक घ्यायचं ठरवलं की फॉर्मवरचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा ठरलेला असतो: आमच्या क्लिनिकचं नाव तुम्ही मित्रांना किंवा नातेवाइकांना सुचवाल का? खाली शून्य ते दहा आकडे, आणि महिनाअखेरीला त्यातून निघणारा नेट प्रमोटर स्कोअर, म्हणजेच एनपीएस. नऊ-दहा देणाऱ्यांच्या, म्हणजे ‘प्रमोटर’च्या, टक्क्यांतून शून्य ते सहा देणाऱ्या ‘डिट्रॅक्टर’चे टक्के वजा करायचे, सात-आठवाले ‘पॅसिव्ह’ म्हणून सोडून द्यायचे. हिशेब एवढाच. पण दवाखान्यात येईपर्यंत या प्रश्नाचं बरंच काही झालेलं आहे, आणि ते माहीत नसेल तर फॉर्म पहिल्याच दिवशी चुकीचा बनतो.

पेशंटला विचारायची पद्धत या प्रश्नाच्या कितीतरी आधीची आहे. १९७० च्या दशकापासून ‘समाधान’ मोजणाऱ्या प्रश्नावल्या होत्या आणि त्यांची अडचणही लवकरच दिसली होती. बरं वाटलेला माणूस डॉक्टरविषयी सहसा वाईट लिहीत नाही, त्यामुळे सगळीकडे समाधानी लोकांचाच आकडा मोठा येई. म्हणून १९८० च्या दशकाच्या अखेरीस प्रश्न बदलले. ‘समाधान झालं का’ऐवजी ‘औषध कसं घ्यायचं ते कुणी समजावलं का’, ‘किती वेळ थांबावं लागलं’ असं प्रत्यक्ष घडलेलं विचारलं जाऊ लागलं. अमेरिकेत २००६ पासून देशभरातल्या रुग्णालयांत एकाच नमुन्याची प्रश्नावली आली आणि २००८ पासून तिचे निकाल जाहीर होऊ लागले. शिफारशीचा प्रश्न तिच्यातही आहे, पण त्याला चारच पर्याय आहेत आणि त्यात कुणाला कुणातून वजा केलं जात नाही.

वजाबाकी आली ती व्यवस्थापनाच्या जगातून. डिसेंबर २००३ मध्ये एका व्यवस्थापन नियतकालिकात लेख आला. कंपनीची वाढ ओळखायला हा एकच प्रश्न पुरेसा आहे, असा त्याचा दावा होता. २००७ मध्ये विपणनाच्या एका संशोधन नियतकालिकात हा दावा तपासला गेला आणि एनपीएस इतर मापांपेक्षा सरस असल्याचं दिसलं नाही. तोवर हा आकडा बैठकांमध्ये रुळला होता. एकच आकडा, वर गेला तर चांगलं, खाली आला तर वाईट, हे सांगायला सोपं होतं.

आरोग्यसेवेत त्याची खरी कसोटी लागली ती इंग्लंडमध्ये. २०१२ मध्ये घोषणा झाली आणि एप्रिल २०१३ पासून सरकारी सेवेतल्या रुग्णालयांत दाखल झालेल्या पेशंटना आणि तातडीच्या विभागात आलेल्यांना घरी गेल्यापासून ४८ तासांच्या आत विचारायचं ठरलं: मित्रांना किंवा कुटुंबीयांना अशीच सेवा लागली तर आमचा विभाग सुचवण्याची शक्यता किती? शून्य ते दहाऐवजी शब्दांतले पर्याय होते: खूप शक्यता, शक्यता, दोन्ही नाही, कमी शक्यता, अजिबात नाही, आणि शिवाय ‘माहीत नाही’.

वादग्रस्त निर्णय झाला तो इथेच. शब्दांतली उत्तरं घेऊन गुण मात्र एनपीएसच्या पद्धतीने काढायचा ठरला. ‘खूप शक्यता’ म्हणणारे प्रमोटर. ‘शक्यता’ म्हणणारे पॅसिव्ह, म्हणजे हिशेबात शून्य. ‘दोन्ही नाही’ म्हणणारे थेट डिट्रॅक्टर, ‘अजिबात नाही’वाल्यांच्याच रांगेत. ‘माहीत नाही’ हिशेबाबाहेर. शून्य ते दहाच्या पट्टीवर सहाला डिट्रॅक्टर म्हणणं आधीच कडक आहे. पण तिथे निदान माणसाने आकडा निवडलेला असतो. इथे ‘हो, सुचवेन’ असं स्पष्ट सांगणाऱ्याचं मत गुणातून गायब होत होतं आणि तटस्थ माणूस विरोधक ठरत होता.

याचा परिणाम आकड्यांत पाहावा. समजा एका क्लिनिकच्या ओपीडीतून महिन्यात ६० उत्तरं आली. २७ जण ‘खूप शक्यता’ म्हणाले, २४ ‘शक्यता’, चौघे ‘दोन्ही नाही’, तिघे ‘कमी शक्यता’ आणि दोघे ‘अजिबात नाही’. एनपीएसच्या पद्धतीने प्रमोटर ४५ टक्के, डिट्रॅक्टर १५ टक्के, गुण ३०. तीच उत्तरं सरळ मोजली तर ५१ जणांनी, म्हणजे ८५ टक्के लोकांनी, सुचवू असं सांगितलं आणि पाच जणांनी, म्हणजे साधारण आठ टक्के लोकांनी, नकार दिला. क्लिनिक तेच, पेशंट तेच. भिंतीवर ‘३०’ लावलं तर वाचणारा ते शंभरपैकी समजतो आणि क्लिनिक नापासाच्या जवळ आहे असं त्याला वाटतं. इंग्लंडमध्ये नेमकी हीच तक्रार होती. उणे शंभर ते अधिक शंभर अशी ही पट्टी आहे हे पेशंटना कळत नव्हतं, आणि वॉर्डातल्या कर्मचाऱ्यांनाही ते पुन्हा पुन्हा समजावून सांगावं लागे.

पुढच्या महिन्याचंही बघू. उत्तरं पुन्हा ६०. फक्त पाच जण ‘खूप शक्यता’वरून ‘शक्यता’वर आले, बाकी काहीच बदललं नाही. एनपीएस ३० वरून २२ वर येतो. सुचवणारे मात्र ८५ टक्केच राहतात. यातला कोणता आकडा खरा, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही. उत्साह थोडा कमी झाला हे एनपीएसने टिपलं, आणि ती माहिती उपयोगाची असू शकते. पण ६० उत्तरांवर एनपीएसची चूक दोन्ही बाजूंना सुमारे १८ गुणांची असते. म्हणजे पहिल्या महिन्याचा ३० हा गुण १२ ते ४८ च्या दरम्यान कुठेही असू शकतो. आठ गुणांची घसरण त्या पट्ट्यातच बसते. तिच्या आधारे रिसेप्शनवरच्या कुणाला जाब विचारणं अन्यायाचं आहे, हे माझं ठाम मत आहे.

ऑक्टोबर २०१४ मध्ये इंग्लंडने वजाबाकी सोडली. तिथून पुढे सुचवणारे किती टक्के आणि न सुचवणारे किती टक्के, असे दोन वेगळे आकडे छापले जाऊ लागले. बाह्यरुग्ण विभाग या व्यवस्थेत आला एप्रिल २०१५ मध्ये, म्हणजे वजाबाकी गेल्यानंतर. तिथल्या सरकारी व्यवस्थेत ओपीडीला एनपीएस कधी लागूच झाला नाही. आज एनपीएससाठी मोठ्या रुग्णालयांचा दाखला देणाऱ्यांच्या बोलण्यातून ही गोष्ट नेमकी सुटते.

टक्क्यांवर येऊनही वाद संपला नाही, कारण उत्तर कसं घेतलं यावर आकडा बदलत होता. कुठे टोकन पेटीत टाकायचं, कुठे एसएमएस, कुठे नर्सच्या हातून कागद. सुरुवातीच्या काळात प्रतिसादाचं प्रमाण वाढवण्याला पैशाचीही जोड होती, त्यामुळे उत्तरं गोळा करणं हेच काम होऊन बसलं. समोर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात उत्तर द्यायचं तर ते गोड होतं. म्हणून या आकड्यांवरून एका रुग्णालयाची दुसऱ्याशी तुलना करू नये, असं अधिकृतपणेच सांगावं लागलं. एप्रिल २०२० पासून शिफारशीचा प्रश्नही गेला. ‘एकंदरीत आमच्या सेवेचा तुमचा अनुभव कसा होता?’ असा साधा प्रश्न आला, खूप चांगला ते खूप वाईट अशा पर्यायांसह. ४८ तासांचं बंधनही निघालं. पेशंटची अडचण समजण्यासारखी होती: आपल्या माणसांना हा विभाग लागूच नये असं ज्याला वाटतं, त्याने शिफारस तरी कशी करायची?

तरीही छोट्या क्लिनिकमध्ये एनपीएस टिकून आहे, कारण फीडबॅकच्या बहुतेक तयार सॉफ्टवेअरमध्ये तो आधीच बसवलेला असतो. तो ठेवायचा असेल तर ओपीडीची एक गोष्ट आधी पाहावी लागते. दाखल झालेला पेशंट एकदा घरी जातो. ओपीडीतला तोच माणूस ड्रेसिंगला, रिपोर्ट दाखवायला, रक्तदाब तपासायला महिन्यात चार वेळा येतो. प्रत्येक भेटीनंतर मेसेज गेला तर जुने, खूश असलेले पेशंट चार-चार वेळा मोजले जातात आणि एकदा येऊन परत न फिरलेला माणूस एकदाच. गुण आपोआप फुगतो. म्हणून एका मोबाइल नंबरला तीन महिन्यांतून एकदाच मेसेज, असा नियम सुरुवातीलाच सिस्टिममध्ये घालतात. एकाच नंबरवर घरातल्या तिघांची नोंद असते, त्यामुळे उत्तर पेशंटचं की सोबत आलेल्याचं, हेही एका खुणेने विचारून घ्यावं लागतं. मेसेज भेटीच्या संध्याकाळी जातो आणि त्यात आजाराचं नाव नसतं.

हिशेब साध्या शीटमध्ये होतो. गुण B रकान्यात असतील तर:

```
=ROUND(100*(COUNTIF(B2:B61,">=9")-COUNTIF(B2:B61,"<=6"))/COUNT(B2:B61),0)
```

यात एक नेहमीची गडबड होते. उत्तर न दिलेल्यांची जागा रिकामी असेल तर सूत्र ती मोजत नाही. पण काही सॉफ्टवेअर फाइल बाहेर काढताना रिकाम्या जागी शून्य भरतं, आणि मग उत्तरच न देणारा प्रत्येक जण डिट्रॅक्टर होतो. गुण अचानक उणे झाला आणि शून्यांची संख्या मेसेजला उत्तर न देणाऱ्यांएवढीच निघाली, तर चूक हीच.

अलीकडे बऱ्याच ठिकाणी महिन्याच्या गुणाऐवजी मागच्या तीन महिन्यांचा एकत्र गुण ठेवतात, आणि त्याच्याशेजारी एकूण उत्तरं किती व मेसेज किती जणांना गेले हेही लिहितात. उत्तरं १८० झाली की वरच्या उदाहरणातली १८ गुणांची चूक सुमारे १० वर येते. आकड्याखाली ‘असं का वाटलं?’ हा एकच मोकळा प्रश्न ठेवतात, आणि शून्य ते सहा देणाऱ्यांनी परवानगी दिली असेल तर दोन दिवसांत त्यांना फोन जातो. हा फोन उपचार करणाऱ्या डॉक्टरऐवजी दुसऱ्याने केला तर पेशंट थांबण्याच्या वेळेबद्दल आणि बोलण्याच्या पद्धतीबद्दल मोकळेपणाने सांगतो.