नडगीच्या स्ट्रेस फ्रॅक्चरनंतर पुन्हा धावायला लागताना

एमआरआयमध्ये नडगीच्या आतल्या कडेला स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं, डॉक्टरांनी काही आठवडे धावणं बंद ठेवलं आणि आता त्यांनीच सांगितलंय, "हळूहळू सुरू करा." हे हळूहळू म्हणजे नेमकं किती, हे विचारायला बरेच जण आमच्या क्लिनिकमध्ये येतात. त्यांच्यासाठी हे पत्रक आहे.

आधी एक खुलासा. हे वेळापत्रक नडगीच्या आतल्या, मागच्या कडेच्या फ्रॅक्चरसाठीच आहे. ही जागा सहसा नीट भरून येते. नडगीच्या पुढच्या धारेवर, जांघेत (म्हणजे मांडीच्या हाडाच्या मानेशी), पावलाच्या वरच्या उंचवट्यावर किंवा करंगळीच्या हाडाच्या मुळाशी चीर असेल, तर हे पत्रक बाजूला ठेवा आणि तुमच्या अस्थिरोगतज्ज्ञांनी दिलेल्या वेळापत्रकानेच चाला. त्या जागा भरायला कठीण असतात आणि तिथली चूक कधीकधी ऑपरेशनपर्यंत नेते.

दुखणं थांबलं म्हणजे हाड भरलं, असं नाही. हाड दुरुस्त होताना आधी थकलेला भाग खरवडून काढला जातो आणि मग तिथे नवं हाड भरलं जातं. खरवडण्याचं काम दोन-चार आठवड्यांत उरकतं, भरायला मात्र साधारण तीन महिने लागतात. दुखणं या भरण्याच्या मधेच कधीतरी थांबतं. म्हणून सहाव्या-सातव्या आठवड्यात पाय एकदम छान वाटत असतो आणि नेमका तेव्हाच माणूस पाच किलोमीटर धावून येतो.

सुरुवात कधी करायची? फ्रॅक्चरनंतर साधारण ६ ते ८ आठवड्यांनी, काहींना त्याहून उशिरा. पण कॅलेंडरपेक्षा आम्ही चार गोष्टी बघतो. निदान आठवडाभर रोजच्या वावरण्यात दुखलेलं नसावं. ३० मिनिटं भरभर चालून त्या दिवशी, रात्री आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काही जाणवू नये. एका पायावर उभं राहून टाच उचलण्याचा व्यायाम दोन्ही पायांनी सारखाच, २० वेळा जमावा. आणि दुखऱ्या पायावर लंगडी घालतो तशा दहा उड्या मारून काही होऊ नये. शेवटची चाचणी पहिल्यांदा आमच्यासमोरच करा.

वेळापत्रक असं. प्रत्येक पायरीला तीन सत्रं, दिवसाआड. म्हणजे सोमवार, बुधवार, शुक्रवार. एक सत्र ३० मिनिटांचं, त्याआधी आणि नंतर पाच मिनिटं नुसतं चालणं.

पायरी १: ४ मिनिटं चाल, १ मिनिट धाव. असं ६ वेळा.
पायरी २: ३ मिनिटं चाल, २ मिनिटं धाव. ६ वेळा.
पायरी ३: २ मिनिटं चाल, ३ मिनिटं धाव. ६ वेळा.
पायरी ४: १ मिनिट चाल, ४ मिनिटं धाव. ६ वेळा.
पायरी ५: सलग ३० मिनिटं धाव.

पहिली पायरी बघून धावणारे नाराज होतात. एका मिनिटात काय होणार! जरा मोजून बघा. मिनिटाला १६० पावलं पडतात असं धरलं, तर एक पाय ८० वेळा जमिनीवर आदळतो. सहा मिनिटांत ४८०, तिसऱ्या पायरीत १४४० आणि पाचव्या पायरीत २४०० वेळा. धावताना प्रत्येक वेळी पायाखाली शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोर पडतो. पाच आठवड्यांत हाडावरचे ठोके पाचपट होतात, ही वाढ काही लहान नाही.

वेग बोलता येईल एवढाच ठेवा. लांब ढांगा टाकू नका, पावलं आखूड आणि थोडी भरभर पडू द्या. त्याने नडगीवरचा भार कमी होतो. जागा सपाट हवी. टेकडीची वाट आत्ता नको, कारण उतारावर हाडाला जास्त मार बसतो. रस्त्याच्या कडेला उतरता भाग असतो, तिथे एक पाय कायम खाली पडतो, तेही टाळा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, सकाळची अंगठ्याची तपासणी. धावलेल्या दिवसाच्या दुसऱ्या सकाळी अंथरुणावरच बसून अंगठा घोट्याच्या वर, नडगीच्या आतल्या कडेला ठेवा. नख पांढुरकं होईल इतपत दाबत, बोटाबोटाच्या अंतराने गुडघ्याकडे सरका. मग दुसऱ्या पायाला तसंच करून बघा. पोटरीत सगळीकडे पसरलेला ठणका असेल तर तो बहुधा स्नायूंचा, दोन दिवसांत जातो. पण हाडावर एकाच जागी, अंगठ्याने झाकता येईल एवढ्याच भागात, "इथेच" असं दुखलं, तर ती हाडाची तक्रार. स्नायूचं किंवा शिरेचं दुखणं थोडंफार सोसून व्यायाम चालतो, हाडाच्या बाबतीत आम्ही अजिबात सोसू देत नाही.

असं दुखलं तर काय करायचं, हे एका उदाहरणाने सांगतो. आमच्याकडे येणाऱ्या अडतीस वर्षांच्या एक ताई जानेवारीतल्या अर्धमॅरेथॉनची तयारी करत होत्या. आठवड्याचे २० किलोमीटर तीन आठवड्यांत ३८ वर नेले आणि नडगी गेली. विश्रांतीनंतर पहिल्या दोन पायऱ्या सुरळीत झाल्या. तिसऱ्या पायरीच्या दुसऱ्या सत्रानंतर सकाळी जुन्या जागी अंगठ्याखाली दुखलं. चालताना काहीच नव्हतं. त्यांनी धावणं थांबवलं. तिसऱ्या दिवशी दाबून दुखेना, तरी आणखी दोन दिवस फक्त चालल्या आणि मग दुसऱ्या पायरीची तीनही सत्रं नव्याने केली. त्यापुढे पुन्हा दुखलं नाही. एकूण उशीर दोन आठवड्यांच्या आतबाहेर. तीच जागा दुसऱ्यांदा दुखली असती, तर आम्ही त्यांना सरळ डॉक्टरांकडे पाठवलं असतं.

धावता धावता दुखलं तर तिथेच थांबा, उरलेली मिनिटं पुरी करू नका, रिक्षाने घरी या. रात्री पडल्या पडल्या ठणकत असेल तर फोन करून लगेच या. आणि धावण्याच्या आधी किंवा नंतर वेदनाशामक गोळी घेऊ नका, नाहीतर सकाळची तपासणी खोटी ठरते. दुसऱ्या आजारासाठी अशी गोळी चालू असेल तर आम्हाला सांगा.

त्या ताईंच्या बाबतीत आणखी एक गोष्ट निघाली. सकाळी चहावर धावायचं आणि नंतर घाईत डबाही अर्धा राहायचा. पाळी चार महिने आली नव्हती, पण "धावतेय म्हणून असेल" असं त्या समजत होत्या. खाणं कमी पडलं की शरीर आधी पाळी थांबवतं आणि हाडं भरण्याचं कामही मंदावतं. हे पुरुषांनाही होतं, फक्त पाळीसारखी खूण त्यांच्यात दिसत नाही. पाळी तीन महिने चुकली असेल किंवा हे तुमचं दुसरं स्ट्रेस फ्रॅक्चर असेल, तर वेळापत्रकाआधी डॉक्टरांना भेटा. ड जीवनसत्त्वाची तपासणीही त्यांना विचारून करून घ्या.

पाचवी पायरी तीनदा बिनदुखीची झाली की आठवड्यातल्या एकाच सत्रात पाच मिनिटं वाढवा, बाकीची दोन तशीच ठेवा. वेग वाढवण्याचे सराव आणखी चार ते सहा आठवडे नकोत. चढ त्यानंतर, आणि उतार सगळ्यात शेवटी.

दर सत्राची तारीख, पायरी आणि दुसऱ्या सकाळी अंगठ्याखाली काय जाणवलं, एवढ्या तीन गोष्टी वहीत लिहा. तपासणीला येताना ती वही आणि दुखापतीच्या वेळी वापरत होतात ते बूट पिशवीत घालून आणा.