शेवटची वीस मिनिटे : थ्रेशोल्ड हार्ट रेटच्या मैदानी चाचणीची पार्श्वभूमी

स्नायू साखर वापरताना तयार होणारे लॅक्टेट ज्या जोरापुढे रक्तात साचू लागते, त्या जोराची हृदयगती म्हणजे थ्रेशोल्ड हार्ट रेट. ती काढण्यासाठी धावपटूंमध्ये आज जी चाचणी सर्वाधिक रूढ आहे, ती सांगायला सोपी आहे. नीट वॉर्म-अप करावा, मग एकट्याने तीस मिनिटे शर्यतीसारखे धावावे, दहा मिनिटे झाली की घड्याळावरचे लॅपचे बटण दाबावे आणि उरलेल्या वीस मिनिटांतील हृदयगतीची सरासरी घ्यावी. तीसच मिनिटे का, पहिली दहा का सोडायची आणि हाती आलेला आकडा नेमका कशाचा, हे मात्र सहसा विचारले जात नाही. या प्रश्नांची उत्तरे चाचणीच्या इतिहासात आहेत, आणि तो ठाऊक नसल्यामुळे आकडा बरोबर काढूनही चुकीचा वापरलेला मी आमच्या परभणीच्या मैदानावर अनेकदा पाहिला आहे.

थ्रेशोल्डच्या कल्पनेचा उगम खेळाच्या मैदानावर नव्हे, तर हृदयरोग्यांच्या तपासणीत आहे. अशा रुग्णाला दमछाक होईपर्यंत पळवणे धोक्याचे असते, त्यामुळे त्याची क्षमता कमी श्रमातच ओळखण्याची सोय हवी होती. अमेरिकेतील कार्लमन वॅसरमन आणि माल्कम मॅकइलरॉय यांनी १९६४ साली दाखवले, की श्रम हळूहळू वाढवत नेले तर एका टप्प्यानंतर श्वासातील वायूंचे प्रमाण बदलते, आणि रक्तात लॅक्टेट वाढू लागल्याची ती खूण असते. त्या टप्प्याला त्यांनी ‘अ‍ॅनेरोबिक थ्रेशोल्ड’, म्हणजे ऑक्सिजनविना श्रमाचा उंबरठा, म्हटले. स्नायूंना ऑक्सिजन अपुरा पडू लागतो, अशी त्यामागची समजूत होती. पुढे जॉर्ज ब्रूक्स यांच्या संशोधनाने हे चित्र बदलले. लॅक्टेट ऑक्सिजन पुरेसा असतानाही तयार होत असते, आणि इतर स्नायू व खुद्द हृदय ते इंधन म्हणून वापरत असतात. हौदात पाणी येण्याचा वेग निचऱ्याच्या वेगापुढे गेला, की पातळी चढू लागते. थ्रेशोल्ड म्हणजे तेवढेच. नाव मात्र जुनेच चिकटून राहिले, आणि त्यासोबत ‘थ्रेशोल्डच्या पुढे ऑक्सिजन संपतो’ हा गैरसमजही.

१९७६ मध्ये जर्मनीत अलोइस माडर आणि सहकाऱ्यांनी कानाच्या पाळीतून थेंबभर रक्त घेऊन लॅक्टेट मोजण्याच्या पद्धतीला एक ठरावीक रेषा दिली : एका लिटर रक्तात ४ मिलिमोल. सोयीमुळे ती रेषा सर्वत्र पसरली, परंतु ती सरासरी होती. स्थिर वेगाने अर्धा तास धावताना लॅक्टेट ज्या सर्वोच्च पातळीवर टिकून राहते, ती पातळी कुणाची ३ च्या आसपास असते, तर कुणाची ५ च्याही वर. ती प्रत्येकासाठी खरोखर शोधायची, तर वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या वेगांनी अर्धा-अर्धा तास धावून दरवेळी रक्त तपासावे लागते. प्रयोगशाळेबाहेरच्या माणसाला हे परवडणारे नव्हते.

रक्ताविना काम भागवण्याचा पहिला गाजलेला प्रयत्न इटलीतील फेरारा येथील फ्रान्चेस्को कोन्कोनी यांचा होता. धावपटूने दर २०० मीटरला वेग थोडा वाढवत जायचे, प्रत्येक टप्प्याची हृदयगती टिपायची आणि दोन्हींचा आलेख काढायचा. रेषा बराच वेळ सरळ चढते आणि एका ठिकाणी वाकते. तो वाकच थ्रेशोल्ड, असा दावा त्यांनी १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात केला. १९८४ च्या जानेवारीत फ्रान्चेस्को मोझेर याने मेक्सिको सिटीत सायकलिंगचा एका तासाचा विक्रम मोडला. त्याच्या तयारीत कोन्कोनींचा हात असल्यामुळे या चाचणीचा बोलबाला झाला. पण इतरांनी ती करून पाहिली, तेव्हा अनेकांच्या आलेखात वाक सापडेच ना, आणि जिथे सापडला तिथे तो बहुधा खऱ्या थ्रेशोल्डच्या बराच वर होता. एक आक्षेप तर मुळावर घाव घालणारा होता. वेग वाढला की २०० मीटर कमी वेळात संपतात, हृदयगतीला नव्या वेगापर्यंत पोहोचायला वेळच उरत नाही, आणि म्हणून रेषा आपोआप आडवी होते. म्हणजे वाक शरीरातला नसून मोजण्याच्या पद्धतीतला असू शकतो. हृदयगती श्रमाच्या मागून चालते, हा त्यातला धडा पुढच्या चाचणीत उपयोगी पडतो.

मोजण्याचे साधन याच सुमारास सामान्यांच्या हाती आले. फिनलंडमधील पोलर कंपनीने १९८२ साली छातीवरचा पट्टा आणि मनगटावरचे घड्याळ अशी बिनतारी जोडी बाजारात आणली. त्यानंतर १९९० च्या दशकात अमेरिकन प्रशिक्षक जो फ्रील यांनी तीस मिनिटांच्या चाचणीचा प्रसार केला. त्यांचा युक्तिवाद प्रयोगशाळेचा नव्हता, प्रशिक्षकाचा होता. थ्रेशोल्डचा जोर तयारीचा खेळाडू शर्यतीत सुमारे तासभर टिकवू शकतो. पण सरावात एकटा माणूस शर्यतीइतका कधीच झटत नाही. म्हणून एकट्याने केलेला तीस मिनिटांचा कमाल प्रयत्न हा साधारणपणे शर्यतीतल्या तासाच्या जोराइतका भरतो. पहिली दहा मिनिटे सोडायची, कारण तेवढा वेळ हृदयगती अजून वर चढत असते. यावरून दोन गोष्टी निघतात. हीच चाचणी मित्रांशी चुरस लावून केली, तर आकडा जास्त येतो. आणि या सरासरीला पुन्हा ०.९५ ने गुणायचे नसते. ती वजावट सायकलवर वॅटमध्ये शक्ती मोजण्याच्या वीस मिनिटांच्या चाचणीतली आहे. हृदयगतीला लावली, तर थ्रेशोल्डवरून आखलेले सरावाचे पट्टे, म्हणजे झोन, सगळे आठ-नऊ ठोक्यांनी खाली घसरतात.

आमच्या गटातील ४२ वर्षांच्या एका शिक्षकांचे उदाहरण पाहू. त्यांचे घड्याळ सुरुवातीला ‘२२० वजा वय’ या सूत्रावर चालत होते. हे सूत्र १९७१ च्या सुमारास फॉक्स आणि हॅस्केल यांच्या लेखनातून रूढ झाले. मुळात तो उपलब्ध आकड्यांवरून ओढलेला एक ढोबळ अंदाज होता. एकाच वयाच्या माणसांची कमाल हृदयगती या अंदाजाच्या दहा-बारा ठोके वर किंवा खाली असणे अगदी सामान्य आहे. सूत्राप्रमाणे सरांची कमाल १७८, आणि तिच्या ७० ते ८० टक्के म्हणजे १२५ ते १४२ हा त्यांचा ‘हलका’ पट्टा. तेवढ्यात राहायचे, तर त्यांना चालावे लागे.

डिसेंबरमध्ये त्यांनी मातीच्या ४०० मीटर ट्रॅकवर पहिली चाचणी दिली. शेवटच्या वीस मिनिटांची सरासरी आली १७८, म्हणजे सूत्राने सांगितलेली कमाल त्यांनी वीस मिनिटे टिकवली होती! सूत्र त्यांच्यापुरते बाद झाले, हे उघड होते. पण चाचणीही निर्दोष नव्हती. दर दहा मिनिटांचे अंतर पाहिले, तेव्हा पहिल्या भागात २०६० मीटर, दुसऱ्यात १९०० आणि तिसऱ्यात १७४० मीटर निघाले. पाच-पाच मिनिटांची हृदयगतीही १८१ वर जाऊन १७५ पर्यंत उतरली होती. सुरुवातीला ते थ्रेशोल्डच्या बरेच पुढे गेले होते आणि नंतर केवळ तग धरून होते. अंतर असे आटत गेले, की सरासरी कितीही पटणारी वाटली तरी ती टाकून द्यावी.

आठ दिवसांनी त्यांनी जाणूनबुजून सावकाश सुरुवात केली. या वेळी अंतरे १९२०, १९२० आणि १९६० मीटर भरली, एकूण ५.८ किलोमीटर. दहाव्या मिनिटानंतर पाच-पाच मिनिटांची हृदयगती १६९, १७१, १७२ आणि १७६ अशी चढत गेली. सरासरी १७२. हा आकडा आम्ही धरला. फ्रील यांच्या धावण्याच्या तक्त्यात झोन दोन थ्रेशोल्डच्या ८५ ते ८९ टक्क्यांत येतो, म्हणजे सरांसाठी १४६ ते १५३. थ्रेशोल्डलगतचा झोन चार ९५ ते ९९ टक्के, म्हणजे १६३ ते १७०. पहिला आकडा धरला असता, तर झोन दोन १५१ ते १५८ झाला असता आणि त्यांच्या बहुतेक हलक्या धावा प्रत्यक्षात मध्यम जोराच्या ठरल्या असत्या. सहा ठोक्यांची चूक कागदावर किरकोळ दिसते. आठवड्यातून चार दिवस केली, तर ती थकव्याच्या रूपाने बाहेर पडते. हे तक्ते मात्र निसर्गाने आखलेल्या सीमा नव्हेत. १५३ आणि १५५ यांच्यामध्ये शरीरात काहीही घडत नाही.

मनगटावरून प्रकाशाने नाडी मोजणारे घड्याळ या चाचणीत विशेष फसवते. धावताना मिनिटाला साधारण १७० ते १८० पावले पडतात, आणि कधी कधी घड्याळ नाडीऐवजी पावलांचा ठेका पकडते. सरांसारख्याचा थ्रेशोल्डही नेमका त्याच पट्ट्यात असल्याने चूक नजरेत भरत नाही. आकडा पहिल्या मिनिटातच १७५ वर उडी मारून सपाट राहिला, तर ती पावले समजावीत. खरी हृदयगती चढायला काही मिनिटे घेते. छातीचा पट्टा बरा, पण थंडीत तो कोरडा असेल तर आरंभी २१० किंवा २२० असे भलते आकडे दाखवतो. बांधण्यापूर्वी तो पाण्याने ओला करावा. बीटा-ब्लॉकर गटातील औषध घेणाऱ्याची हृदयगती औषधानेच दबलेली असते, तेव्हा हे तक्ते त्याला लागू नाहीत. हृदयाचा त्रास असलेल्याने तर ही चाचणी स्वतःहून करूच नये.

मराठवाड्यात खरी कसोटी एप्रिल-मे महिन्यांत लागते. उन्हाळ्यात रक्ताचा मोठा वाटा त्वचेकडे वळतो, घामाने रक्तातील पाणी घटते, प्रत्येक ठोक्याला कमी रक्त बाहेर पडते आणि ती तूट हृदय ठोके वाढवून भरून काढते. जानेवारीत १५० वर होणारा वेग सरांना मे महिन्यात पहाटे सहा वाजताही १६० वर नेत असे. अशा वेळी डिसेंबरचा थ्रेशोल्ड बदलायचा नसतो. झोन तोच ठेवून वेग सोडायचा असतो, कारण शरीरावरचा ताण खरोखरच वाढलेला असतो. त्याच कारणाने चाचणी उन्हाळ्यात घेऊ नये, आणि घ्यावीच लागली तर तिची तुलना हिवाळ्यातल्या चाचणीशी करू नये. लांब धावेच्या दुसऱ्या तासात वेग तोच असूनही ठोके हळूहळू चढतात, त्याचाही अर्थ हाच.

याच ट्रॅकवर पोलीस भरतीची मुले १६०० मीटरची तयारी करत असतात आणि झोनबद्दल आवर्जून विचारतात. पाच-सहा मिनिटांत संपणारी ती धाव थ्रेशोल्डच्या बरीच पुढची आहे, त्यामुळे १७२ सारखा आकडा त्यांना शर्यतीचा वेग सांगू शकत नाही. रोज संध्याकाळी छाती फुटेस्तोवर १६०० मीटर मारण्याऐवजी मधल्या दिवशी किती हळू धावायचे, एवढे मात्र तो नेमके सांगतो.

फेब्रुवारीच्या अखेरीस सरांनी पुन्हा चाचणी दिली. हृदयगतीची सरासरी १७३ आली, म्हणजे झोन जवळपास जागच्या जागी राहिले. दोन महिन्यांचा सराव वाया गेला, असे त्यांना क्षणभर वाटले. परंतु सरावाने थ्रेशोल्डवरची हृदयगती फारशी हलत नाही, हलतो तो त्या हृदयगतीवरचा वेग. त्याच तीस मिनिटांत त्यांनी या वेळी पूर्ण पंधरा फेऱ्या मारल्या होत्या, डिसेंबरपेक्षा २०० मीटर अधिक.